दुसऱ्या कंपनीत जाणाऱ्या सहकाऱ्याला निरोपाचा छोटा संदेश कसा लिहावा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी डिस्पॅच विभागात काम करतो. आमच्या विभागातून दर वर्षी दोन-तीन जण दुसऱ्या कंपनीत जातात आणि त्या प्रत्येकासाठी कार्डावर, ग्रुपवर किंवा ईमेलमध्ये चार ओळी लिहिण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. पहिल्या वेळी मी एक तयार मजकूर उचलून पाठवला होता. त्यात ‘आपले पुढील आयुष्य निरोगी व सुखसमाधानाचे जावो’ असे वाक्य होते, आणि तो मिळालेल्या सहकाऱ्याचे वय होते एकतीस. त्याने काही बोलून दाखवले नाही, पण तो मजकूर एखाद्या सेवानिवृत्तीच्या समारंभातला आहे हे त्याला कळले होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. त्या दिवसापासून मी हे काम नीट शिकलो. तुमच्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली असेल, तर पुढील क्रमाने गेल्यास अर्ध्या तासात संदेश तयार होईल.

लेखात उदाहरणासाठी मी आमच्या डिस्पॅचमधील एका ताईंना लिहिलेला संदेश घेतला आहे. त्यांचे नाव देत नाही, कारण पत्ता लागावा हा हेतू नाही. आमच्याकडे त्यांना सगळे ‘ताई’च म्हणत.

लिहायला बसण्यापूर्वी हाताशी काय असावे

- सहकाऱ्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाची नक्की तारीख
- त्यांचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक, कारण कंपनीचे सिमकार्ड बहुधा परत करावे लागते
- त्यांच्या आडनावाचे किंवा नावाचे ते स्वतः लिहितात तसे स्पेलिंग. मराठीतही ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ असे दोन्ही लिहिणारे भेटतात
- युनिकोड मराठी टंकण्याची सोय, फोनवर किंवा संगणकावर
- एक कोरा कागद, कारण पहिला मसुदा थेट ग्रुपच्या चौकटीत टंकू नये. चुकून पाठवला जातो

१. बातमी जाहीर झाली आहे की नाही, ते आधी पाहावे

राजीनामा दिला जातो त्या दिवशी तो फक्त वरिष्ठांना आणि एचआरला माहीत असतो. पुढे नोटीस पिरियड सुरू होतो, आणि या काळात बातमी कोणाला कधी सांगायची हे ठरवण्याचा हक्क जाणाऱ्या व्यक्तीचा आणि तिच्या वरिष्ठांचा असतो. चहाच्या टपरीवर तुम्हाला कळले म्हणजे सगळ्यांना कळले, असे नाही. आमच्याकडे एकाने ग्रुपवर आधीच शुभेच्छा टाकल्या आणि त्यामुळे त्या सहकाऱ्याच्या हाताखालच्या मुलांना त्याच्या जाण्याची बातमी त्याच्याकडून न कळता ग्रुपवरून कळली. त्याला त्या मुलांना स्वतः सांगायचे होते.

म्हणून थेट त्या व्यक्तीलाच विचारावे: ‘सगळ्यांना सांगून झाले का? ग्रुपवर लिहिले तर चालेल का?’ याच वेळी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, ती म्हणजे नव्या कंपनीचे नाव संदेशात आले तर चालेल का. बरेच जण रुजू होईपर्यंत नाव सांगत नाहीत, आणि नवी कंपनी त्याच धंद्यातली असेल तर ते नाव जुन्या कंपनीच्या ग्रुपवर झळकणे त्यांना अवघड जाते. स्पष्ट होकार मिळाला नसेल तर ‘नव्या कामासाठी’ एवढे दोन शब्द पुरतात. पगार, पद किंवा ‘तिकडे किती वाढवून दिले’ हा विषय संदेशात कोणत्याही रूपाने आणू नये.

२. तू, तुम्ही की आपण, हे एकदा ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे

ज्या शब्दाने तुम्ही त्या व्यक्तीला रोज हाक मारता, तोच शब्द संदेशात असावा. पाच वर्षे ‘तू’ म्हटलेल्या मित्राला शेवटच्या दिवशी ‘आपण’ लिहिले की त्याला परके वाटते, आणि ज्यांना रोज ‘सर’ म्हटले त्यांना लेखी ‘तू’ शोभत नाही. आमच्या ताईंना सगळे ‘तुम्ही’ म्हणत, म्हणून संदेशातही ‘तुम्ही’ ठेवले. सुरुवातीला ‘आदरणीय’, ‘सन्माननीय’ असे काही जोडले नाही, कारण रोजच्या हाकेत ते नव्हते.

‘आपण’ या शब्दाचा सापळा मात्र नीट समजून घ्यावा. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ही होते आणि ‘तुम्ही व मी मिळून’ असेही होते. निरोपाच्या संदेशात हे दोन्ही अर्थ हटकून शेजारी येतात. ‘आपण पाच वर्षे एकत्र काम केले आणि आपण आम्हाला पुष्कळ शिकवले’ या वाक्यात पहिला ‘आपण’ दोघांचा आहे आणि दुसरा फक्त समोरच्याचा. वाचणारा अर्थ लावतो खरा, पण अडखळतो. चार ओळींच्या मजकुरात एकदा अडखळणेही जास्तच होते. त्यामुळे समोरच्यासाठी ‘तुम्ही’ आणि दोघांसाठी ‘आपण’ अशी वाटणी करून टाकावी. वरिष्ठांसाठी आदरार्थी ‘आपण’ वापरायचाच असेल, तर ‘आपण एकत्र काम केले’ या अर्थाचे वाक्य गाळावे.

याच्याच जोडीला ‘आमच्या’ आणि ‘आपल्या’ यांतला फरक येतो, आणि माझ्या मते संदेशाची ऊब सर्वांत जास्त याच एका शब्दावर अवलंबून असते. ‘आमच्या विभागात तुम्ही पाच वर्षे होतात’ असे लिहिले की लिहिणारे एका बाजूला आणि त्या दुसऱ्या बाजूला, अशी रेघ पडते. त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि आता परत चालल्या आहेत, असा भाव त्यातून निघतो. ‘आपल्या विभागात’ लिहिले की शेवटच्या दिवशीही त्या आतच असतात. एक अक्षरही वाढत नाही, तरी अर्थ पालटतो. मसुदा झाल्यावर मी प्रत्येक ‘आमच्या’खाली रेघ मारतो आणि तेथे ‘आपल्या’ बसते का, ते पाहतो.

३. गुणांची यादी करू नये, एक डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट निवडावी

‘मेहनती, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख’ हे शब्द कोणालाही लागू पडतात, म्हणून वाचणाऱ्याला त्यांत स्वतःचा चेहरा दिसत नाही. संदेश छोटा असूनही जिव्हाळ्याचा वाटावा असे वाटत असेल, तर त्या व्यक्तीने केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली आणि दुसऱ्या कोणालाही लावता येणार नाही अशी एकच गोष्ट शोधावी. त्यासाठी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. मी कशात अडकलो असताना यांनी मला सोडवले? यांच्याकडून उचललेली कोणती गोष्ट मी आजही करतो? यांच्याशिवाय विभागात दुसरे कोणीच करत नव्हते असे काय होते?

ताईंच्या बाबतीत मला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच सापडले. आमच्याकडे माल निघताना जीएसटीच्या पोर्टलवर ई-वे बिल काढावे लागते आणि त्यात गाडीचा नंबर भरावा लागतो. बहुतेक जण तो नंबर ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवलेल्या मेसेजवरून उतरवतात. ताई मात्र टेबलावरून उठून डॉकपर्यंत जात, गाडीच्या नंबरप्लेटसमोर उभ्या राहून नंबर मोठ्याने वाचत, तळहातावर पेनाने शेवटचे चार आकडे लिहीत आणि परत येऊन मग बिलात भरत. नव्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटे. एका पावसाळ्यात त्याचा अर्थ कळला. कोल्हापूरकडे जाणारी गाडी ऐनवेळी बिघडली, ट्रान्सपोर्टवाल्याने दुसरी पाठवली, माल तिच्यात भरला गेला, पण बिलात पहिल्याच गाडीचा नंबर राहिला. ताई त्या दिवशी लवकर घरी गेल्या होत्या आणि बिल एका नव्या मुलाने काढले होते. रात्री नऊच्या सुमारास खंबाटकी घाटाच्या अलीकडे ड्रायव्हर चहासाठी थांबला, कागद पाहताना त्याच्या लक्षात आले आणि त्याने फोन केला. ऑफिसात मी एकटाच होतो. अशा वेळी बिल रद्द करावे लागत नाही, त्याच्या ‘पार्ट बी’मध्ये नव्या गाडीचा नंबर भरता येतो, परंतु मी तो भाग कधी उघडलाच नव्हता. ताईंनी घरून फोनवर एकेक पायरी सांगितली, लॉगिन अडकले तेव्हा थांबून राहिल्या आणि नवा नंबर असलेले बिल ड्रायव्हरच्या फोनवर पोहोचल्याची खात्री करूनच त्यांनी फोन ठेवला. या सगळ्याला तास लागला.

एवढी मोठी हकिकत संदेशात मावणार नाही आणि मावली तरी ती तेथे नसावी. निवडलेल्या प्रसंगातून नेमका कोणता भाग लिहायचा, हे ठरवताना मी तीन गोष्टी गाळतो. पहिली, ज्यामुळे दुसरा कोणी उघडा पडेल ती. येथे नंबर न तपासणारा मुलगा आजही आमच्यासोबत आहे आणि ताईंच्या कौतुकापायी त्याची चूक पुन्हा सगळ्यांपुढे मांडणे योग्य नाही. दुसरी, कंपनीच्या बाहेर जाऊ नये अशी. ग्राहकाचे नाव, मालाची किंमत, कोणत्या कागदात त्रुटी होती इत्यादी. संदेश त्यांच्या फोनमध्ये राहणार असतो आणि पुढे तो कोण वाचेल हे आपल्या हातात नसते. तिसरी, समजावून सांगावी लागेल अशी. ताईंना ती रात्र ठाऊक आहे, म्हणून ‘पावसाळ्यातली ती रात्र’ एवढे म्हटले की पुरे. दोघांनाच कळणारा असा एक उल्लेख असला की संदेशाची लांबी आपोआप कमी होते.

तुमचा त्या व्यक्तीशी फारसा संबंध आला नसेल, तर प्रसंग ओढूनताणून शोधू नये. दोन वर्षांत तुमचे बोलणे फक्त बिलांपुरते झाले असेल, तर ‘तुमच्याकडून आलेला कागद मला कधी परत पाठवावा लागला नाही’ हे एक खरे वाक्य खोट्या जिव्हाळ्याच्या चार वाक्यांपेक्षा जास्त पोहोचते. ज्यांच्याशी खटके उडाले होते त्यांच्यासाठीही हाच मार्ग आहे. जुना वाद मिटवण्याची जागा निरोपाचा संदेश नव्हे; एक खरी गोष्ट लिहावी आणि शुभेच्छा देऊन थांबावे.

४. मसुदा लिहावा आणि कापावा

माझा साचा चार वाक्यांचा असतो. पहिल्यात ती एक गोष्ट, दुसऱ्यात आभार, तिसऱ्यात शुभेच्छा आणि चौथ्यात पुन्हा भेटण्याचे ठिकाण. एकूण शब्द चाळीस ते साठ. फोनच्या पडद्यावर वर-खाली न सरकवता तो पूर्ण दिसला पाहिजे, ही माझी मर्यादा आहे.

ताईंसाठी विभागातील एकाने मला प्रथम पुढील मजकूर आणून दिला होता:

> आदरणीय ताई, आज आपण आमच्या विभागाला सोडून जात आहात हे ऐकून अत्यंत दुःख होत आहे. आपण अतिशय मेहनती, मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष होतात. आपली पोकळी कधीही भरून निघणार नाही. आपल्या आठवणी सदैव स्मरणात राहतील. आपल्या पुढील उज्ज्वल वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.

लिहिणाऱ्याच्या मनात माया होती, यात शंका नाही. पण मजकुराची पहिली चार वाक्ये एखाद्या श्रद्धांजलीच्या फलकावर जशीच्या तशी चालतील. ताईंचे नाव काढून दुसरे घातले तरी काही बदलणार नाही. ‘अत्यंत दुःख’ म्हटल्यामुळे, आनंदाने नवे काम स्वीकारणाऱ्या माणसाला आपण काही वाईट केले की काय असे वाटते. आणि ‘होतात’ या भूतकाळाने तर त्या व्यक्तीचा कायमचाच निरोप घेतल्यासारखे होते.

मी त्यातली शुभेच्छा तेवढी ठेवली, बाकी बाजूला केले आणि कागदावरची सवय पहिल्या वाक्यात आणली. दुसऱ्या मसुद्यात गाडी, घाट, लॉगिन असे सगळे आले होते आणि शब्द शंभराच्या वर गेले होते. समजावणारा भाग काढत गेल्यावर शेवटी हे उरले:

> ताई,
> गाडीचा नंबर आधी प्लेटवर वाचायचा आणि मगच ई-वे बिलात भरायचा, ही तुमची सवय आता आपल्या डिस्पॅचमध्ये सगळ्यांना लागली आहे. पावसाळ्यातल्या त्या रात्री तुम्ही घरून फोनवर एक तास माझ्यासोबत थांबलात, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते, ते आज मानतो. नव्या कामासाठी मनापासून शुभेच्छा. भोसरीकडे येणे झाले की चहाला गेटवर थांबा, मी बाहेर येतो.

हे ५३ शब्द आहेत. यात ताईंचा एकही गुण नाव घेऊन सांगितलेला नाही, तरी त्या कशा आहेत ते दिसते. मुख्य वाक्य वर्तमानकाळात आहे: सवय ‘लागली आहे’. शेवटच्या वाक्यात ‘संपर्कात राहू’ असे मोघम न लिहिता जागा सांगितली आहे आणि गेटचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण कंपनी सोडलेल्या माणसाला आत यायला पास लागतो आणि तो मागताना संकोच होतो.

वयाने लहान सहकाऱ्याला, ज्याला तुम्ही ‘तू’ म्हणता, साचा तोच ठेवून सूर थोडा मोकळा करता येतो: ‘स्टॉकचा मेळ बसत नसला की तू आधी रद्दीची पेटी उघडून पाहायचास, आणि दर वेळी हरवलेले चलन तिथेच सापडायचे. हे मी तुझ्याकडून शिकलो.’ वरिष्ठांना लिहिताना उलट एक पायरी मागे राहावे. त्यांच्या कर्तृत्वाला दाखला देण्याचा अधिकार आपला नसतो, म्हणून ‘तुम्ही उत्तम नेतृत्व केलेत’ असे न लिहिता त्यांच्यामुळे आपल्या कामात काय बदलले तेवढे लिहावे.

५. निवृत्तीचे आणि शोकाचे शब्द गाळून घ्यावेत

मराठीत निरोपाचे तयार शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांतले बरेच दुसऱ्या प्रसंगांनी आधीच ताब्यात घेतलेले आहेत. ‘सेवापूर्ती’, ‘प्रदीर्घ सेवा’, ‘उर्वरित आयुष्य’, ‘निरोगी दीर्घायुष्य’ हे निवृत्तीचे शब्द आहेत. ‘पोकळी’, ‘स्मृती’, ‘सदैव स्मरणात’, ‘भावपूर्ण’ हे मृत्यूच्या बातमीसोबत इतके वाचले गेले आहेत की त्यांचा मूळ अर्थ चांगला असूनही मनात दुसरेच चित्र उभे राहते. ‘भावपूर्ण’ शब्दाच्या पुढे वाचणारा मनातल्या मनात ‘श्रद्धांजली’ जोडतोच.

‘जाणे’ या क्रियापदाबाबतही सावध असावे. घरातून बाहेर पडताना आपल्याकडे कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. आणि म्हटलेच तर घरातील वडीलधारे टोकतात. त्याच कारणाने ‘आम्हाला सोडून जात आहात’ हे वाक्य कानाला लागते. ‘नव्या कामावर रुजू होत आहात’ असे लिहिले की तीच माहिती पोहोचते आणि वाक्य पुढे पाहते.

तपासण्याची सोपी रीत अशी: संदेश मोठ्याने वाचावा आणि तो नोकरी बदलणाऱ्या तिशीतल्या माणसाऐवजी साठीतल्या निवृत्त माणसाला किंवा दिवंगत व्यक्तीला चालेल का, असे स्वतःला विचारावे. चालत असेल, तर जो शब्द त्याला कारण आहे तो बदलावा.

६. टंकताना होणाऱ्या चुका

या संदेशात ‘दुसऱ्या’, ‘सहकाऱ्यांना’, ‘जाणाऱ्या’ असे शब्द हमखास येतात आणि ते ‘दुसर्या’, ‘सहकार्यांना’ असे चुकीचे टंकले जातात. ‘सूर्य’मधला रफार येथे नसतो. फोनच्या मराठी कीबोर्डवर नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त आणि ‘या’ जोडले की ‘ऱ्या’ बरोबर उमटते. ‘उज्ज्वल’मध्ये ज दोनदा येतो, आणि ‘शुभेच्छा’मध्ये च्छ असते, नुसता छ नसतो. व्यक्तीचे नाव तर अक्षर अक्षर लावून पाहावे, कारण बाकी चुका माफ होतात, नावाची होत नाही.

ऑफिसातील जुन्या संगणकावर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर टंकला असेल, तर तो ईमेलमध्ये चिकटवल्यावर समोरच्याला निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. छापील कार्डासाठी ते फॉन्ट चालतात. पाठवायच्या मजकुरासाठी युनिकोडच वापरावे आणि आधी स्वतःलाच पाठवून फोनवर उघडून पाहावे.

७. कोठे आणि केव्हा पाठवावा

एकच मजकूर सगळीकडे चिकटवू नये. वरचा ५३ शब्दांचा संदेश मी ताईंना वैयक्तिक क्रमांकावर पाठवला, कारण त्यात त्या रात्रीचा उल्लेख होता आणि ग्रुपवर तो वाचून ‘कोणती रात्र, काय झाले होते’ अशी विचारणा सुरू झाली असती. मग त्या मुलाचे नाव निघायला वेळ लागला नसता. ग्रुपवर फक्त एवढेच लिहिले:

> ताई, गाडीचा नंबर आधी प्लेटवर वाचायचा आणि मगच ई-वे बिलात भरायचा, ही तुमची सवय आता आपल्या डिस्पॅचमध्ये सगळ्यांना लागली आहे. नव्या कामासाठी मनापासून शुभेच्छा.

सगळ्यांनी मिळून सही करायच्या कार्डावर तर याहूनही कमी जागा असते. तेथे एका वाक्यापुढे जाऊ नये. आधी लिहिणारा अर्धे कार्ड भरून टाकतो आणि शिफ्टवरून उशिरा येणाऱ्यांना कोपऱ्यात नाव कोंबावे लागते. कार्ड दोन दिवस आधी फिरवायला सुरुवात करावी आणि रात्रपाळीच्या टेबलावरून ते नक्की जाऊन आले आहे, याची खात्री करावी.

वैयक्तिक संदेशासाठी माझ्या अनुभवात शेवटच्या दिवसाची दुपार सर्वांत चांगली. सकाळी ती व्यक्ती कागदपत्रे, लॅपटॉप, ओळखपत्र परत करण्यात गुंतलेली असते आणि संध्याकाळी सगळ्यांचे संदेश एकदम येतात. कंपनीच्या ईमेलवर पाठवायचे असेल तर आदल्या दिवशीच पाठवावे. शेवटच्या दिवशी तो पत्ता कोणत्या वेळी बंद होईल हे सांगता येत नाही, आणि बंद झाल्यावर तुमचा संदेश न वाचताच राहतो. त्यांनी सगळ्यांना उद्देशून निरोपाचा ईमेल पाठवला असेल, तर उत्तर फक्त त्यांनाच जाईल असे पाहावे. सर्वांना उत्तर गेले की दोनशे जणांच्या इनबॉक्समध्ये तुमची वैयक्तिक आठवण पोहोचते.

८. पाठवल्यानंतर

उत्तर आले तर ते तेथेच थांबू द्यावे. ‘धन्यवाद’ला पुन्हा लांब उत्तर लिहिले की समोरच्यालाही लिहावे लागते, आणि त्या दिवशी त्यांना असे पन्नास जणांना लिहायचे असते. ‘तिकडे जागा निघाली तर कळवा’ हे वाक्य याच ओघात लिहिले जाते. ते लिहू नये. तशी गरज असेल तर ते रुजू होऊन स्थिरावल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, वेगळा फोन करून बोलावे.

संदेशात चहाला बोलावले असेल तर तारीख स्वतःकडे नोंदवून ठेवावी. ताईंचे नवे ऑफिस चाकणला आहे. दिवाळीच्या आधी एका शनिवारी त्या भोसरीत आल्या होत्या, तेव्हा त्यांनी गेटवरून फोन केला आणि मी बाहेर गेलो. समोरच्या टपरीवर उभ्या उभ्या चहा घेताना आमच्या डॉकवरून एक गाडी निघाली. आमचा तोच मुलगा, जो आता बिले काढतो, तिच्या नंबरप्लेटसमोर उभा राहून तळहातावर काही लिहीत होता. ताईंनी ते पाहिले आणि चहाचा कप खाली ठेवून त्याला हाक मारली.